कोळंबी, खेकडे, तिसऱ्या: ताटातली प्रथिने मोजताना वजन नेमकं कधी करायचं

आहाराची रोजनिशी लिहिणाऱ्या एकाने मला त्याचं पान दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: 'दुपारी अर्धा किलो कोळंबी, प्रथिने १२० ग्रॅम'. शिजलेल्या कोळंबीत शंभर ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात, हे त्याने बरोबर शोधलं होतं. पाचशेला त्या आकड्याने गुणलं, की १२० येतात. गुणाकारही बरोबर. पण ते पाचशे ग्रॅम कोळणीच्या काट्यावरचे होते, डोक्यासकट आणि सालीसकट. सोलून उरली २६० ग्रॅम. ती कच्ची, आणि कच्च्या कोळंबीत शंभराला २० ग्रॅमच धरायचे, म्हणजे प्रथिने सुमारे ५२. आणि ती कोळंबी नवराबायकोने मिळून खाल्ली होती, म्हणजे त्याच्या वाट्याला आले २६. लिहिले होते १२०.

ही चूक इतकी वेळा बघितली आहे, की आता पान हातात आलं की मी आधी एकच विचारते: वजन केलं तेव्हा कोळंबी कुठल्या अवस्थेत होती? कवचाच्या माशांची प्रथिने मोजण्यात सगळा घोळ याच प्रश्नात आहे. साल निघते, पाणी निघतं, आणि वजन तीन-चार वेळा बदलतं. प्रथिने मात्र मांसातच असतात आणि बहुतेक तिथेच राहतात. म्हणून ज्या अवस्थेत वजन केलं, त्याच अवस्थेचा आकडा वापरायचा.

खाली कोळंबीची पद्धत सविस्तर दिली आहे, कारण तिथे मोजमाप सर्वात नेमकं जमतं. खेकडे आणि तिसऱ्यांना वेगळी वाट घ्यावी लागते, ती त्यानंतर.

तयारी: काटा, चाळणी आणि वही

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवा. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग त्यात माल घालायचा. भांडं बदललं तर पुन्हा शून्य. हे सांगायला नको असं वाटतं, पण स्टीलच्या पातेल्याचं वजन कोळंबीत मिसळलेली पानंही मी पाहिली आहेत.

दुसरी वस्तू म्हणजे मोठी चाळणी. धुतलेली कोळंबी लगेच काट्यावर ठेवली, तर तिच्याबरोबर पाणीही मोजलं जातं. करंदीसारख्या बारीक मालात हे फार होतं, कारण बारीक तुकड्यांच्या फटींतून पाणी अडकून राहतं. पाच मिनिटं चाळणीत निथळू द्या, मधे एकदोनदा हलवा, मग वजन करा.

वहीत तीन रकाने पुरतात: बाजारातलं वजन, सोललेलं कच्चं वजन, नग.

टप्पा १: बाजारातलं वजन लिहा, पण त्याच्याशी गुणाकार करू नका

बाजारातलं वजन कामाचं आहे ते पैशांच्या हिशोबासाठी, आणि पुढच्या वेळी अंदाज बांधण्यासाठी. डोकं आणि साल असलेल्या मध्यम कोळंबीतून सोलून निम्म्याच्या आसपास मांस मिळतं. डोकं मोठं असलेल्या गोड्या पाण्याच्या कोळंबीत याहून बरंच कमी. डोकं काढून विकलेल्या कोळंबीत अर्थात जास्त, कारण सर्वात मोठी तूट आधीच झालेली असते. वाट्यावर घेतलेल्या मालाचं बाजारातलं वजनच नसतं. तो रकाना मोकळा सोडा, काही बिघडत नाही.

टप्पा २: आधी सोला, धागा काढा, धुवा. मीठ-हळद नंतर

क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कोळंबी सोलली की हात आपोआप हळद-मिठाकडे जातो. मीठ लागलं की मांसातून पाणी सुटायला लागतं, आणि अर्ध्या तासाने वाडग्याच्या तळाशी गुलाबीसर पाणी साचतं. त्यानंतर वजन केलं तर ते ना कच्च्याचं असतं, ना शिजलेल्याचं. त्यात मसाल्याचं वजन वेगळंच.

म्हणून सोलणं, पाठीतला काळा धागा काढणं, धुणं, निथळणं, वजन, आणि मग मीठ. मुरल्यावर सुटलेलं पाणी ओतून देऊ नका, पातेल्यात जाऊ द्या. त्यात पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांचा थोडा अंश असतो. तापलं की ते पाणी पांढरट, फेसाळ होतं, ते त्यामुळेच.

शेपटीची टोकं शोभेसाठी ठेवायची असतील तर ती वजनात येणार. मध्यम कोळंबीत हा फरक किरकोळ आहे. हॉटेलसारखी अर्धी साल ठेवणार असाल, तर मात्र पाचसहा नग पूर्ण सोलून किती साल निघते ते एकदा पाहा आणि तेवढी वजा करा.

टप्पा ३: सोललेलं कच्चं वजन, हाच पाया

माझ्या वहीतलं एक उदाहरण घेते. बाजारातून एक किलो मध्यम कोळंबी आणली, डोक्यासकट. डोकी काढल्यावर राहिली ६४० ग्रॅम. साल आणि धागा काढून, धुऊन निथळल्यावर ५२० ग्रॅम. नग मोजले: ४६.

कच्च्या, निव्वळ कोळंबीच्या मांसात शंभर ग्रॅमला १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. मी २० धरते, हिशोब तोंडी होतो.

५२० ग्रॅमचे १०४ ग्रॅम. या पातेल्यात कोळंबीची जेवढी प्रथिने जाणार, ती एवढीच. पुढे कालवण करा, सुकं करा, रवा लावून तळा, हा आकडा वाढणार नाही. रव्याची आणि नारळाची आपली थोडी भर पडते, ती ज्याला हवी त्याने वेगळी मोजावी. मी मोजत नाही.

आता १०४ भागिले ४६: एका कोळंबीत सव्वादोन ग्रॅमच्या जरा वर. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, ताटापर्यंत आपण त्याच्याच जोरावर जाणार आहोत.

तपासणी: सोललेलं वजन बाजारातल्या वजनाच्या ४५ ते ५५ टक्क्यांत आहे का? डोक्यासकट आणलेल्या मध्यम कोळंबीत ६० च्या वर गेलात, तर बहुधा पाणी निथळलेलं नाही.

मधेच एक इशारा: गोठवलेली सोललेली कोळंबी

पाकिटातली कोळंबी सोलून येते, त्यामुळे साल वजा करायची भानगड नाही असं वाटतं. तिथे सालीची जागा पाणी घेतं, आणि तेही दोन प्रकारांनी.

पहिलं पाणी बाहेरचं. प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ लेप दिलेला असतो, गोठलेला माल सुकू नये म्हणून. हे सोपं आहे. पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत रात्रभर वितळवा, खाली भांडं ठेवा, आणि सकाळी चाळणीतलं वजन घ्या. पाकिटावर छापलेलं वजन विसरा.

दुसरं पाणी आतलं, आणि ते निथळून जात नाही. काही कारखान्यांत कोळंबी फॉस्फेटच्या द्रावणात भिजवतात. मग मांस पाणी धरून ठेवतं, नग टपोरा दिसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण तक्त्यात याचा परिणाम स्वच्छ दिसतो: पाणी धरणारे पदार्थ न लावलेल्या कच्च्या कोळंबीत शंभर ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने, आणि ते लावलेले असू शकतात अशा कच्च्या कोळंबीत १३.६. एकच जीव, पण शंभरामागे सहा ग्रॅमांहून जास्त फरक, आणि तो फरक पाण्याचा.

ओळखायचं कसं? पाकिटावरच्या घटकांत फॉस्फेटचं नाव किंवा ४५१, ४५२ असे क्रमांक आहेत का बघा. पोषणाच्या चौकटीत प्रथिने १३-१४ लिहिली असतील तर तोच आकडा वापरा, २० नाही. चौकट नसेल तर तवा सांगतो. अशी कोळंबी परतायला टाकली की तव्यात पाण्याचं तळं होतं आणि परतण्याऐवजी ती उकडायला लागते.

टप्पा ४: शिजवताना काय जातं, काय राहतं

कोळंबी तापली की तिचे तंतू आक्रसतात आणि स्वतःमधलं पाणी पिळून बाहेर टाकतात. वजन घटतं ते या पाण्याचं. माझी ५२० ग्रॅम कोळंबी चार मिनिटं उकडून, निथळून ४२५ ग्रॅम भरली. तशीच दुसऱ्या खेपेची, फोनवर बोलत बसल्यामुळे बारा मिनिटं उकळलेली, ३६० भरली आणि रबरासारखी झाली. दोन्हींत प्रथिने जवळपास तेवढीच, १०४ च्या जरा आत. पण शंभर ग्रॅममागे हिशोब केला तर पहिल्या खेपेत साडेचोवीस आणि दुसरीत जवळजवळ एकोणतीस येतात. जास्त शिजवल्याने प्रथिने वाढली, असं कुणी तक्त्याकडे बोट दाखवून सांगू लागलं तर त्याला पाण्याची गोष्ट सांगा.

याच कारणामुळे मी शिजलेल्या वजनावर विसंबत नाही. शिजलेल्या कोळंबीचा २४ हा आकडा बेताने शिजलेल्या कोळंबीचा आहे. तुमची कोळंबी किती शिजली, त्यावर तो वर-खाली सरकणार. कच्च्याचा आकडा मात्र तुमच्या गॅसवर अवलंबून नसतो.

आता पाण्याचं काय करायचं, ते पदार्थावर ठरतं.

कालवण, सुकं, पुलाव, खिचडी: पाणी पातेल्यातच आटतं किंवा रश्श्यातून पोटात जातं. काही वजा करू नका.

उकडून पाणी फेकलं, जसं कोशिंबिरीसाठी करतात: विरघळणाऱ्या प्रथिनांचा काही भाग मोरीत गेला. किती, ते पाणी किती घेतलं आणि किती वेळ उकळलं त्यावर ठरतं. माझा घरगुती ठोकताळा विसात एकचा आहे, म्हणजे १०४ चे ९९ धरायचे. थोड्या पाण्यात, पाणी उकळल्यावर कोळंबी टाकली आणि ती वळून इंग्रजी सी अक्षरासारखी झाली की काढली, तर एवढंही जात नाही. पूर्ण गोल, ओ सारखी झाली म्हणजे वेळ निघून गेली.

चूक इथे उलट्या बाजूनेही होते. रस्सा चविष्ट झाला म्हणजे त्यात बरीच प्रथिने उतरली, असं समजून लोक रश्श्याची वाटी वेगळी मोजतात. कोळंबीचा गोडवा येतो तो मुख्यतः सुट्या अमिनो आम्लांमुळे. ती पाण्यात सहज उतरतात आणि अगदी थोडी असली तरी जिभेला कळतात. शिवाय टप्पा ३ मध्ये आपण पातेल्यातलं सगळं धरलंच आहे. रस्सा पुन्हा मोजला तर तेच दोनदा मोजलं.

डोकी उकळून, गाळून त्याचा रस घातला असेल, तर मी तो शून्य धरते. डोक्यातल्या केशरी गराने रंग आणि चव येते. प्रथिनांची भर पडते, पण मोजावी इतकी नाही.

टप्पा ५: ताटातली वाटणी नगावर

कालवणातल्या कोळंबीचं वजन करायला गेलं, की वाटण चिकटलेलं असतं. धुऊन वजन कोण करणार? म्हणून मघाशी नग मोजले. एका नगात सव्वादोन ग्रॅम. ताटात आठ आल्या तर अठरा. लेकाने बारा वाढून घेतल्या तर सत्तावीस. काटा स्वयंपाकघरातच राहिला तरी चालतं.

नग सारख्या आकाराचे असतील तरच हे बसतं. मालात लहानमोठी मिसळ असेल तर सोलतानाच दोन ढीग करा, दोन्हींचं वजन आणि नग वेगळे लिहा. करंदीसारखा बारीक माल असेल तर नग मोजण्यात अर्थ नाही. तिथे सगळं सुकं एकदा मोजा आणि आपली वाटी त्याचा कितवा भाग आहे, ते बघा. पूर्ण सुकं ६०० ग्रॅम, तुमच्या वाटीत १५०, तर पातेल्यातल्या प्रथिनांपैकी पाव तुमची. कांदा आणि खोबरं दोन्हींकडे त्याच प्रमाणात असल्याने ते आपोआप कटतं. अट एकच, वाढण्यापूर्वी नीट ढवळा.

टप्पा ६: खेकड्याला नमुन्याचा खेकडा

खेकड्यात सोललेलं कच्चं वजन मिळतच नाही. कच्चं मांस कवचाला धरून असतं आणि जेलीसारखं असतं, शिजल्याशिवाय ते सुटत नाही. म्हणून इथे उलट जायचं: एक खेकडा शिजवून फोडायचा आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज घ्यायचा.

चार चिंबोऱ्या, मिळून एक किलो. त्यातली एक, २५० ग्रॅमची, मसाला न लावता पंधरा मिनिटं वाफवली. गार केली, पाठ काढली, कल्ले टाकले, आणि नांग्यांतलं व पोटाच्या कप्प्यांतलं मांस टोकदार चमच्याने काढलं. बारीक पाय सोडून दिले. मांस भरलं ७० ग्रॅम, त्यातलं जवळपास निम्मं दोन मोठ्या नांग्यांतलं. शिजलेल्या खेकड्याच्या मांसात शंभर ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिने धरतात. मी १९ धरते. म्हणजे एका चिंबोरीत तेरा ग्रॅमच्या आसपास, दोन अंड्यांइतकी.

एक किलो खेकडे म्हणजे ५२-५३ ग्रॅम. चौघांचं घर असेल तर माणशी तेराच. तासभर बसून फोडत खाल्लेलं, हात-तोंड माखलेलं जेवण बघता हा आकडा फार किरकोळ वाटतो, आणि लोकांना तो पटत नाही. नमुन्याचा खेकडा स्वतः फोडून बघितला, की पटतो.

नमुना दर वेळी करायची गरज नाही. त्या प्रकारचा, त्या आकाराचा एकदा केला की वहीत राहतो. पण चिंबोरीचा आकडा समुद्रातल्या लहान, पातळ खेकड्यांना लावू नका, त्यांच्यात मांसाचा वाटा बराच कमी असतो. आणि पोकळ निघालेल्या खेकड्याला तर कुठलाच आकडा लागत नाही. नुकतंच कवच बदललेला खेकडा आत पाणी भरून बाहेरून मोठा झालेला असतो, मांस अजून वाढायचं असतं. पोटाकडून आणि पायाच्या जाड भागावर अंगठ्याने दाबून बघा. दबला, तर काट्यावर पाणी विकत घेताय. अमावस्या-पौर्णिमेचा हिशोब ज्याला पाळायचा त्याने पाळावा. मी अंगठ्यावर विश्वास ठेवते.

दोन गोष्टी वाटणीत गडबड करतात.

एक, नांग्या. निम्मं मांस तिथे आहे, त्यामुळे 'मी एक खेकडा खाल्ला' याला अर्थ नाही. ज्याच्या ताटात दोन्ही नांग्या गेल्या त्याला साडेसहा ग्रॅम तिथूनच मिळाले, उरलेलं पोट दुसऱ्याला. आजोबांसाठी नांग्या आणि सुनेला पोटाचे तुकडे अशी वाटणी असेल, तर वहीतही तशीच लिहा.

दोन, बारीक पायांचा रस. कोकणात हे पाय वाटून, पाणी घालून, गाळून तो रस कालवणात सोडतात. उकळी आली की त्याच्या मऊ गाठी रश्श्यात तरंगतात. त्या गाठी म्हणजे गोठलेली प्रथिनेच. हा रस मोजावा. वाटण्याआधी पायांचं वजन करा, मग घट्ट पिळलेल्या चोथ्याचं. माझ्या चार चिंबोऱ्यांचे पाय १५० ग्रॅम होते, चोथा ११० उरला. फरक ४० ग्रॅम, कच्च्या मांसाच्या १८ टक्क्यांनी सात ग्रॅम प्रथिने. चोथा पाणी पिऊन जड होतो, म्हणून खरा आकडा याहून थोडा जास्त असेल. सात मिळवल्यावर पातेल्यात साठ, आणि रस्सा सारखा वाटला गेला तर माणशी पंधरा.

इशारा: जेवून झाल्यावर ताटातली कवचं मोजून सुरुवातीच्या वजनातून वजा करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती वापरू नका. खेकड्याच्या पोकळ्यांत पाणी असतं, ते शिजताना निघून जातं आणि त्या जागी रस्सा शिरतो. वजाबाकीत हे सगळं मांस म्हणून येतं.

टप्पा ७: तिसऱ्यांत शिजलेलंच वजन, आणि पाण्याला वेगळी वागणूक

तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू सोडवून घ्या. फुटलेल्या, आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या उघड्या तिसऱ्या टाकून द्या. वजनात त्या धरू नका.

मग वरून पाणी न घालता झाकण ठेवून वाफवा. पाच मिनिटांत शिंपल्या उघडतात आणि भांड्याच्या तळाशी भरपूर पाणी दिसतं. हे पाणी शिंपल्यांत बंद होतं ते. माझ्या एक किलो तिसऱ्यांची वाटणी अशी झाली: कवचं सुमारे ६०० ग्रॅम, पाणी पाव लिटरच्या थोडं आत, आणि काढून निथळलेलं मांस १३० ग्रॅम. नग ७२.

किलोभर आणून हातात १३० ग्रॅम. इथे कोळंबीचं 'निम्मं' लावणारा चौपटीने चुकतो.

आता आकडा कुठला घ्यायचा? शिंपल्यांच्या मांसाबाबत तक्ते फार गोंधळात टाकतात, आणि कारण पुन्हा पाणीच. शिनाण्यांचा समुद्रपार भाऊ म्हणावा असा निळा शिंपला घ्या. त्याच अमेरिकन तक्त्यात कच्च्याला ११.९ आणि शिजलेल्याला २३.८, बरोबर दुप्पट. याचा अर्थ शिजताना मांसाचं वजन निम्मं होतं असं गृहीत धरलंय. उघडताक्षणी काढलेल्या तिसरीचं वजन एवढं घटत नाही, ती अजून टपोरी असते. म्हणून पाच मिनिटं वाफवलेल्या मांसाला मी २० धरते. पुढे कालवणात आणखी उकळून ती आक्रसली, तरी हिशोब वाफवल्यानंतरच्या वजनावरच ठेवायचा.

१३० ग्रॅमचे २६. भागिले ७२, तर एका तिसरीत अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. ताटात वीस तिसऱ्या म्हणजे सात ग्रॅम, एका अंड्याहून जरा जास्त. एकशिपी केली, म्हणजे एकच शिंपली ठेवून मांस तिच्यावरच राहू दिलं, तर ताटात ढीग मोठा दिसतो. तिथे वजन नको, नगच मोजा.

तळाशी आलेलं पाणी फडक्यातून गाळून कालवणात घालतातच, ते घालावंच. पण त्यात बहुतांश समुद्राचं पाणी आणि मीठ, जोडीला चव देणारी सुटी अमिनो आम्लं आणि थोडी प्रथिने. ज्याला प्रथिने वाढवायची आहेत त्याने ते शून्य धरावं. ज्याला डॉक्टरांनी प्रथिने मोजूनमापून घ्यायला सांगितली आहेत, त्याने मात्र सगळीकडे वरचा आकडा घ्यावा: तिसऱ्यांना २४, आणि कोळंबीतून पाण्यापोटी काहीच वजा नाही. अशा माणसाने या पाण्यातल्या मिठाबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

टप्पा ८: सुकट आणि सोडे

सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. इथे साल गेलेली आहे, पाणीही बहुतेक गेलेलं आहे. सुकं असतानाच वजन करा. भिजवल्यावर ते किती फुगतील, ते पाण्यावर आणि वेळेवर ठरतं.

जवळ्याची गोष्ट वेगळी. तो सालीसकट सुकतो आणि सालीसकट खाल्ला जातो, म्हणून इथे कवच वजा करायचं नाही असं वाटतं. पण प्रथिने मोजतात कशी, ते बघा. प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, वजनाच्या जवळजवळ सात टक्के. तो गुणाकारात आला, की दहा ग्रॅम कायटिन कागदावर चार ग्रॅमांहून जास्त 'प्रथिने' दाखवतं. प्रत्यक्षात ते प्रथिन नव्हेच, आणि त्यातून शरीराला अमिनो आम्लं मिळत नाहीत. म्हणून सुक्या जवळ्याच्या पाकिटावर शंभराला साठ लिहिलं असलं, तरी मी पन्नासच धरते. तसंही एका वेळेला माणशी पंधरा-वीस ग्रॅमच्या वर जवळा जात नाही. म्हणजे आठ-दहा ग्रॅम प्रथिने, आणि त्याबरोबर बरंच मीठ.

तपासणी: पाकीट मोकळं करून जवळा चाळा. खाली पडलेली वाळू आणि भुगा टाकल्यावर जे उरेल, त्याचं वजन घ्या.

बाहेर जेवताना

हॉटेलात काटा नसतो, नग असतात. मध्यम कोळंबीला दोन ग्रॅम धरा. सव्वादोन नको, कारण तिथला माल बहुधा गोठवलेला असतो. कोळंबी थाळीच्या रश्श्यात चार आणि तळलेल्या पाच आल्या, तर अठरा ग्रॅम. तळलेल्यांचं आवरण जाड असेल तर एक मोडून बघा. आत कोळंबी करंगळीएवढी निघाली, तर तिला एकच ग्रॅम लिहा.